कालभारित आणि रक्कमभारित परतावा

ग्राहकाच्या गुंतवणुकीची कामगिरी मोजण्याच्या दोन पद्धती. कालभारित परताव्यात पैसे कधी आले-गेले याचा परिणाम काढून टाकतात. रक्कमभारित परताव्यात तोच परिणाम मुद्दाम धरतात. पुण्यातल्या सल्लागारांच्या बोलण्यात पहिला ‘टीडब्ल्यूआरआर’ आणि दुसरा ‘एक्सआयआरआर’ असतो. अहवालात दोन्ही आकडे शेजारी आले आणि त्यांत एक नफा तर दुसरा तोटा दाखवू लागला, की ग्राहकाला वाटते कुणीतरी हिशेबात घोळ घातला आहे. बहुतेक वेळा घोळ नसतो.

कोथरूडच्या एका काल्पनिक ग्राहकाने १ एप्रिल २०२१ रोजी ५० लाख रुपये पोर्टफोलिओ व्यवस्थापकाकडे दिले, असे समजू. वर्षभरात २० टक्के वाढ होऊन ते ६० लाख झाले. त्याच सुमारास वाघोलीचा प्लॉट विकला गेला आणि १ एप्रिल २०२२ रोजी आणखी ६० लाख जमा झाले. दुसऱ्या वर्षी बाजार पडला, १० टक्के घट होऊन १२० लाखांचे १०८ लाख उरले.

कालभारित हिशेबात पैसे घालण्या-काढण्याच्या प्रत्येक तारखेला पोर्टफोलिओचे मूल्य काढून काळाचे तुकडे पाडतात आणि तुकड्यांचे परतावे गुणतात. १.२० × ०.९० = १.०८, म्हणजे दोन वर्षांत ८ टक्के, वार्षिक ३.९२ टक्के. ग्राहकाने मात्र ११० लाख घातले आणि हातात १०८ लाख आहेत. त्याचा वार्षिक रक्कमभारित परतावा उणे १.२५ टक्के येतो, कारण चांगल्या वर्षात थोडी रक्कम होती आणि वाईट वर्षात मोठी. एक्सेलमध्ये जमा रकमा उणे, अखेरचे मूल्य अधिक, शेजारी तारखा, असे मांडून तो काढतात:

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

त्याच व्यवस्थापकाच्या दुसऱ्या ग्राहकाने पहिल्या वर्षाअखेर पैसे न घालता ३० लाख काढून घेतले असते, तर उरलेल्या ३० लाखांचे २७ लाख झाले असते आणि त्याचा रक्कमभारित परतावा ९.३७ टक्के आला असता. व्यवस्थापकाचे काम दोघांसाठी तेच होते, म्हणून कालभारित आकडाही तोच राहतो. पैसे घालण्या-काढण्याची वेळ ग्राहक ठरवत असेल, तर व्यवस्थापकाला जोखायला कालभारित पद्धतच न्याय्य. सेबीच्या २०२० च्या पोर्टफोलिओ व्यवस्थापक नियमांतही कामगिरी याच पद्धतीने जाहीर करायला सांगितले आहे. उलट ‘आता पैसे घाला’ असे सल्लागारच सांगत असेल, किंवा फंड स्वतःच्या सोयीने रक्कम मागवत असेल, तर वेळ चुकण्याची जबाबदारीही त्याचीच. तिथे कालभारित आकडा पुढे करणे म्हणजे पळवाट. ग्राहकाच्या स्वतःच्या अहवालात रक्कमभारित परतावा आणि रुपयांतला नफा-तोटा आधी, कालभारित लगेच खाली, हा क्रम योग्य.

खरी दिशाभूल होते ती निर्देशांकाशी तुलना करताना. वरच्याच दोन वर्षांत निर्देशांक आधी १५ टक्के वाढला आणि मग १२ टक्के पडला, असे धरू. त्याचा वार्षिक परतावा ०.६ टक्के. ग्राहकाचे उणे १.२५ याच्याशेजारी ठेवले, तर व्यवस्थापक हरल्यासारखा दिसतो. पण ही तुलना विजोड आहे. ग्राहकाच्याच रकमा त्याच तारखांना निर्देशांकात घातल्या असत्या, तर ५० लाखांचे ५७.५ लाख, त्यात ६० मिळवून ११७.५ लाख आणि शेवटी १०३.४ लाख उरले असते, म्हणजे वार्षिक उणे ४.१८ टक्के. व्यवस्थापकाने प्रत्यक्षात ४.६ लाख रुपये जास्त राखले. म्हणून कालभारिताला कालभारित आणि रक्कमभारिताला त्याच रकमा घातलेला निर्देशांक, अशीच जोडी लावावी. अहवालात ही दुसरी ओळ नसेल, तर ती मागून घ्यावी.

एक्सआयआरआर नेहमी वार्षिक दर देतो, हेही विसरू नये. एका महिन्यातली ४ टक्के वाढ तो सुमारे ६० टक्के म्हणून दाखवतो. खाते वर्षाहून लहान असेल, तर जितका परतावा प्रत्यक्ष झाला तितकाच छापावा.

कालभारित आकडा बिघडतो तो बहुधा नोंदींमुळे. व्यवस्थापन शुल्क हा खर्च आहे. तो ‘ग्राहकाने काढलेली रक्कम’ म्हणून नोंदला, की परतावा शुल्काआधीचा दिसू लागतो. लाभांश खात्यातच राहिला तर तो परताव्याचा भाग, ग्राहकाच्या बँकेत गेला तर तो परताव्यातही धरावा आणि काढलेली रक्कम म्हणूनही नोंदवावा. सगळ्यात महागात पडते ती जुने शेअर वर्ग करतानाची चूक. वडिलांनी ५ लाखांना घेतलेले आणि आज २० लाखांचे असलेले शेअर खात्यात आले, आणि नोंद खरेदी किमतीने झाली, तर १५ लाख एका रात्रीत व्यवस्थापकाची कमाई ठरतात. शेअर आले त्या महिन्याचा परतावा इतर महिन्यांच्या मानाने अचानक उंच दिसला, तर डिमॅटमधली वर्ग झाल्याची तारीख आणि त्या दिवसाचा बंद भाव आधी तपासावा.