इन्सुलिनचा वेग कोठे ठरतो? ‘३०/७०’ मागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत इन्सुलिन ‘३०/७०’ या आकड्यांनी ओळखले जाते. त्यातील तीस टक्के भाग लवकर लागू होतो आणि सत्तर टक्के उशिरा. संप्रेरक एकच असूनही त्याला दोन वेग कसे, याचे कारण बहुतेक जण पेशीत शोधतात. प्रत्यक्षात पेशीचा प्रतिसाद दोन्हींना सारखाच असतो आणि फरक पडतो तो सुई टोचल्या जागी, त्वचेखाली.

पेशीत काय घडते, हे उशिरा कळले. १९२२ पासून इन्सुलिन रुग्णांना मिळू लागले, तरी ग्लुकोज पेशीत नेमके कसे शिरते हे १९८० पर्यंत उलगडले नव्हते. त्या वर्षी उंदरांच्या चरबीपेशींवर काम करणाऱ्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या आत साठवलेली असतात आणि इन्सुलिन आले की ती पृष्ठभागावर येतात. यांपैकी स्नायू आणि चरबीतील मुख्य प्रथिन, ग्लुट-४, त्यानंतर काही वर्षांत ओळखले गेले. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक-प्रथिनाला चिकटते, त्या संकेताने आतील विकरांची साखळी जागी होते, आणि शेवटी एकेटी नावाचे विकर ग्लुट-४ साठवलेल्या सूक्ष्म पिशव्यांना, म्हणजे पुटिकांना, आत रोखून धरणाऱ्या प्रथिनाला निष्प्रभ करते. मग पुटिका पृष्ठभागात विलीन होतात. हे सारे काही मिनिटांत होते आणि इन्सुलिन ओसरले की वाहक पुन्हा आत जातात.

साधे इन्सुलिन, म्हणजे ‘३०/७०’ मधला तीस टक्क्यांचा भाग, शिरेतून दिले तर परिणाम काही मिनिटांत दिसतो, पण तेच त्वचेखाली दिले तर सुरुवातीलाच सुमारे अर्धा तास जातो. वेग त्वचेखाली ठरतो याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा! बाटलीत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र बांधलेले असतात. हा गट केशवाहिनीत सहज शिरू शकत नाही. तो पातळ होत दोन-दोन व मग एकेक रेणूंत सुटावा लागतो. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या शीघ्र इन्सुलिनमध्ये शेवटाजवळच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली होती, जेणेकरून गट लवकर सुटावा. शिरेतून दिल्यास त्याचा आणि साध्या इन्सुलिनचा वेग सारखाच असतो.

सत्तर टक्क्यांचा भाग १९४० च्या दशकातील युक्तीवर उभा आहे. माशांपासून मिळणाऱ्या प्रोटामिन या प्रथिनासोबत इन्सुलिनचे बारीक स्फटिक केले की ते त्वचेखाली सावकाश विरघळतात. म्हणूनच हे औषध दुधाळ दिसते आणि बाटली हातांत हळुवार फिरवून, सर्वत्र सारखे पांढरे झाल्यावरच भरावे लागते. तळाशी साका राहिला तर एका दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त डोस जातो. मात्र पांढरे ते सावकाश आणि स्वच्छ ते शीघ्र हा जुना नियम आता पुरेसा नाही, कारण २००० च्या सुमारास आलेले ग्लार्जिन बाटलीत आम्लधर्मी असल्याने पारदर्शक असते आणि त्वचेखाली गेल्यावर साकाळून दिवसभर पुरते.

ठरावीक मिश्रण सर्रास देण्याचा निर्णय वादाचा आहे. त्यात बाटली एक, टोचणे कमी आणि खर्चही आटोक्यात, हे खरे. पण त्याची किंमत वेळापत्रकाने मोजावी लागते, आणि माझ्या मते शेतीवर राबणाऱ्या माणसाला ती किंमत पुरेशी सांगितली जात नाही. समजा, खानापूरकडचा एक शेतकरी सकाळी आठला २४ युनिट घेऊन अर्ध्या तासाने न्याहारी करतो. त्यात साधे इन्सुलिन सुमारे ७ युनिट आणि सावकाश भाग सुमारे १७ युनिट. साध्याचा जोर दहा ते बाराच्या दरम्यान असतो आणि तो ओसरण्याआधीच दुपारच्या सुमारास सावकाश भागाचा जोर चढू लागतो. भाताच्या भांगलणीत जेवण बाराऐवजी अडीचला झाले, तर या काळात पोट रिकामे असते. शिवाय राबणारे स्नायू इन्सुलिनखेरीज वेगळ्या संकेताने ग्लुट-४ पृष्ठभागावर आणतात, आणि मांडीत टोचले असेल तर चालण्याने शोषणही वेगाने होते. तिन्ही गोष्टी रक्तातील साखर एकाच दिशेने, खाली ढकलतात.

घाम, थरथर, अचानक भूक किंवा चिडचीड ही साखर फार उतरल्याची खूण असते. पण उन्हात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून शक्य असेल तेव्हा मोजून पाहावे. साखर ७० च्या खाली गेली असेल, किंवा मोजणे शक्य नसून लक्षणे दिसत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. आणि साखरेने बरे वाटले तरी लगेच जेवावे, कारण त्वचेखालचे स्फटिक त्या दुपारी अजून तासन्‌तास विरघळत राहणार असतात.