उधारीचे दिवस आणि करंट रेशो: आकडा हाती आला की काय तपासावे
(आमच्या कार्यालयातर्फे व्यापारी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सीसीचे नूतनीकरण जवळ आले की बँक रेशो मागते. मग कोणी सॉफ्टवेअरमधून पान छापून आणतो, कोणी घरातल्या बीकॉमच्या मुलाकडून एक्सेलमध्ये काढून घेतो. आमच्याकडे येणाऱ्या या कागदांत भागाकार चुकलेला सहसा नसतो. गफलत असते ती कशाला कशाने भागले यात, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ लावण्यात. दुसरी गफलत जास्त महाग पडते, कारण तिच्या भरवशावर दुकानातले निर्णय घेतले जातात.

खालचे उदाहरण वायर, स्विच आणि फिटिंगच्या एका घाऊक दुकानाचे आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज करून घेतले आहेत.

एकाच वहीतून तीन उत्तरे

दुकानाची वर्षाची विक्री 1 कोटी 20 लाख. 31 मार्चला येणे उधारी 35 लाख 40 हजार. उधारीला विक्रीने भागून 365 ने गुणले की 108 दिवस येतात. बहुतेक कागदांवर हाच आकडा असतो.

आता विक्रीचा आकडा कुठून घेतला ते पाहा. तो नफा-तोटा पत्रकातला आहे, म्हणजे जीएसटी सोडून. उधारीचा आकडा मात्र पार्टीच्या खात्यावरचा, म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम, 18 टक्के जीएसटीसह. वर एक माप आणि खाली दुसरे. उधारीतून जीएसटी काढला (35.40 भागिले 1.18) की 30 लाख उरतात आणि उत्तर येते 91 दिवस. पार्ट्या तशाच, पैसेही तितकेच अडकलेले, तरी सतरा दिवस कमी झाले.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. 1 कोटी 20 लाखांपैकी 40 लाखांची विक्री काउंटरवर रोखीने झाली आहे. रोखीच्या गिऱ्हाईकाकडून वसुलीचा प्रश्नच येत नाही, मग ती विक्री या हिशेबात कशाला धरायची? उधारीची विक्री 80 लाख. 30 भागिले 80, गुणिले 365: 137 दिवस.

108, 91 आणि 137. यातले कुठले खरे, असे ग्राहक विचारतात. पहिले सरळ चूक आहे, कारण त्यात जीएसटी असलेली आणि नसलेली रक्कम एकत्र झाली आहे. उरलेली दोन्ही बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एकूण व्यापारात किती दिवसांची विक्री उधारीत गुंतून पडते, हे 91 सांगते. खेळत्या भांडवलाचा अंदाज बांधताना त्याचा उपयोग होतो आणि दोन वर्षांची तुलनाही त्यावर करता येते. उधारी घेणारे किती दिवसांनी पैसे देतात, हे जाणून घ्यायचे असेल तर उधारीच्याच विक्रीने भागले पाहिजे. बँकेच्या तक्त्यात एकूण विक्री मागितली असेल तर एकूण विक्रीच द्या. फक्त तो आकडा पार्ट्यांच्या शिस्तीचा आहे असे समजू नका. (वर्ष 360 दिवसांचे धरायचे की 365, यावर मात्र वाद घालत बसू नका. 137 चे 135 होतात, एवढाच फरक.)

137 दिवसांचा अर्थ काय लागतो, आणि काय लागत नाही

हा आकडा पाहून मालक घाबरतो. आपण 60 दिवसांची उधारी देतो आणि लोक साडेचार महिने पैसे अडकवतात, असे त्याला वाटते. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची मुदत 30 दिवसांवर आणायचे ठरते, आणि नेमाने पैसे देणारे ठेकेदार शेजारच्या दुकानात जातात.

मुळात या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: विक्री वर्षभर सारखी होते. या दुकानात तसे होत नाही. सरकारी कामे मार्चअखेर पुरी करायची असतात, म्हणून ठेकेदार फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उचलतात. जीएसटी सोडून उधारीची विक्री जानेवारीत 6 लाख, फेब्रुवारीत 10 लाख आणि मार्चमध्ये 14 लाख झाली. 31 मार्चच्या 30 लाखांत बराचसा माल नुकताच गेलेला आहे. त्याची मुदत अजून भरलेलीच नाही.

याची तपासणी कागद-पेन्सिलीने होते. येणे उधारीतून शेवटच्या महिन्यापासून मागे जात एकेका महिन्याची उधारीची विक्री वजा करायची आणि त्या महिन्याचे दिवस मोजत जायचे. 30 मधून मार्चचे 14 गेले, 16 उरले: 31 दिवस. फेब्रुवारीचे 10 गेले, 6 उरले: आणखी 28. जानेवारीचे 6 गेले, काही उरले नाही: आणखी 31. एकूण 90 दिवस. सूत्र 137 म्हणते आणि ही मोजणी 90. दोन्हींत एवढे अंतर निघाले की समजावे, विक्री हंगामी आहे आणि वर्षाच्या सरासरीने हिशेब फसला आहे. सुरुवातीची आणि शेवटची उधारी यांची सरासरी घेतली तरी हा दोष पुरता जात नाही, कारण 1 एप्रिलची उधारीसुद्धा आदल्या मार्चच्या गर्दीनंतरचीच असते. सरासरीच घ्यायची तर बारा महिनाअखेरच्या शिलकांची घ्यावी.

तरीही 60 ऐवजी 90 का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी पार्टीवार, बिलवार यादी काढावी लागते. ती काढल्यावर दिसते की 30 पैकी 5 लाख एकाच पार्टीकडे सव्वा वर्षापासून अडकलेले आहेत. (त्यावरचा 90 हजारांचा जीएसटी तुम्ही केव्हाच भरून मोकळे झालात, आणि पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही.) ती पार्टी बाजूला ठेवून उरलेल्या 25 लाखांवर तीच मोजणी करा. मार्चचे 31 दिवस, फेब्रुवारीचे 28, आणि जानेवारीच्या 6 लाखांपैकी फक्त 1 लाख, म्हणजे साधारण 5 दिवस. एकूण 64.

म्हणजे बाकीचे ठेकेदार जवळपास ठरल्या मुदतीतच पैसे देत आहेत. दुखणे एका पार्टीचे आहे आणि औषध मात्र सगळ्यांना पाजायला निघालो होतो. रेशो ही सगळ्यांची मिळून सरासरी असते, त्यामुळे कोण थकला आहे ते तिच्यातून कळत नाही. त्याला बिलवार यादीच लागते.

मालाच्या दिवसांबाबत थोडक्यात

स्टॉक खरेदीच्या किमतीला धरलेला असतो, म्हणून त्याला विकलेल्या मालाच्या खर्चाने भागावे, विक्रीने नाही. या दुकानात स्टॉक 32 लाख आणि विकलेल्या मालाचा खर्च 96 लाख आहे. खर्चाने भागल्यास 122 दिवस येतात, विक्रीने भागल्यास 97. विक्रीत तुमचा नफा मिसळलेला असल्याने माल आहे त्यापेक्षा लवकर खपतो असे दिसते. नफा जितका जास्त, तितका हा भास मोठा.

करंट रेशो: 1.75 कुठून आला?

याच दुकानाचा कागद असा होता: स्टॉक 32 लाख, उधारी 35.40 लाख, रोख आणि बँकेत 2.60 लाख, एकूण 70 लाख. देणी: माल देणाऱ्यांचे व इतर किरकोळ मिळून 20 लाख, सीसीचे 20 लाख, एकूण 40 लाख. रेशो 1.75. इथे उधारी जीएसटीसह धरणे बरोबरच आहे, कारण ताळेबंदात तेवढे येणे खरेच आहे.

राहून गेले ते टर्म लोनचे हप्ते. गोदामासाठी घेतलेल्या कर्जाचे येत्या बारा महिन्यांत भरायचे मुद्दल 6 लाख आहे. कर्ज दीर्घ मुदतीचे असले तरी हा तुकडा याच वर्षी द्यायचा आहे, त्यामुळे तो चालू देण्यांत येतो. 70 भागिले 46, रेशो 1.52. शिवाय त्या थकलेल्या पार्टीचे जीएसटीसह 5.90 लाख वर्षभरात येतील असे तुम्ही छातीठोक सांगू शकत नसाल, तर तेही चालू मालमत्तेतून काढा. 64.10 भागिले 46, म्हणजे 1.39. बँकेचा अधिकारी हे तुमच्या आधी करतो, म्हणून घरीच केलेले बरे.

1.39 वाईट आहे का? बँकांच्या तोंडी येणारा 1.33 हा आकडा टंडन समितीच्या 1975 च्या शिफारशींतल्या दुसऱ्या पद्धतीतून आलेला आहे. चालू मालमत्तेचा किमान पाव हिस्सा कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या पैशांतून उभा करावा, असे ती पद्धत सांगते. 100 ची चालू मालमत्ता, 75 ची चालू देणी, भागाकार 1.33. कॉलेजच्या पुस्तकातला 2 हा आकडा वाचून आपले दुकान बुडीत निघाले असे कोणी मानू नये. मात्र 1.33 च्या इतके जवळ असाल तर तुमच्या मंजुरीपत्रात कोणती अट लिहिली आहे ते नक्की पाहा.

या रेशोचा एक चुकीचा अर्थ फार चालतो: ‘1 रुपया देणे आहे आणि 1.52 रुपये हातात आहेत.’ हातात 2.60 लाख आहेत. बाकीचे गोदामात आणि लोकांच्या खिशात आहेत. न खपणारा माल साठला तरी हा रेशो चांगला दिसतो.

तो नुसत्या तारखेच्या खेळानेही वाढतो. 30 मार्चला 10 लाखांची उधारी वसूल करून त्याच पैशांतून माल देणाऱ्यांचे 10 लाख फेडले, तर 70 चे 60 आणि 46 चे 36 होतात. रेशो 1.52 वरून 1.67. चालू देणी भागवल्यावर उरणारे 24 लाख होते तेवढेच राहिले. म्हणून रेशोच्या शेजारी ही वजाबाकीही लिहून ठेवत जा. आणि माल देणाऱ्याचे पैसे सीसीतूनच फेडले तर रेशो जागचा हलत नाही, कारण एक चालू देणे जाऊन दुसरे तेवढेच येते.

ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांच्यासाठी

24 मार्च 2021 च्या अधिसूचनेने कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये बदल झाल्यापासून ताळेबंदाच्या टिपांत 11 रेशो द्यावे लागतात. प्रत्येकात वर काय धरले आणि खाली काय धरले हे लिहावे लागते आणि आदल्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारणही द्यावे लागते. त्यामुळे यंदा एकूण विक्रीने भागले आणि पुढच्या वर्षी उधारीच्या विक्रीने, असे करू नका. व्यापारात काही घडले नसतानाही कारण शोधत बसावे लागेल.

कार्यालयात येताना सोबत आणा

31 मार्चची पार्टीवार, बिलवार उधारीची यादी, महिनावार विक्री, रोख आणि उधार वेगळी, टर्म लोनच्या हप्त्यांचा बँकेने दिलेला तक्ता, सीसीचे मंजुरीपत्र. मंजुरीपत्रात किती दिवसांपुढची उधारी ड्रॉइंग पॉवरसाठी धरणार नाही ते लिहिलेले असते. बहुतेक ठिकाणी 90 दिवस असतात, पण तुमचे वेगळे असू शकतात. रेशो काढलेला कागद असेल तर तोही आणा, आणि उत्तराशेजारी वर-खाली कोणते आकडे घेतले ते पेनाने लिहून आणा.