पेरॉक्साइडची गाडी ठरवण्याआधी: एसडीएस कशी मागवावी, त्यात काय बघावं

इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये कापड ब्लीच करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. माल आपल्या गाडीने उचलायचा असेल, तर भाडं ठरवण्याआधी पुरवठादाराकडून त्याची सुरक्षा माहिती पत्रिका, म्हणजे एसडीएस, मागवून घ्या. जुनी मंडळी तिलाच एमएसडीएस म्हणतात. १९८९ च्या घातक रसायन नियमांतल्या नियम १७ नुसार ही माहिती तयार ठेवणं आणि मागितल्यावर दाखवणं बंधनकारक आहे. त्यामुळे संकोच नको.

मागणी ईमेलवरच करा. मालाचं नाव, तीव्रता, पॅकिंग आणि वजन स्पष्ट लिहा, उदाहरणार्थ "हायड्रोजन पेरॉक्साइड ५० टक्के, ३५ किलोचे ४० कॅरबॉय". कॅरबॉय म्हणजे रसायनाचे मोठे कॅन. सोबत चार गोष्टी मागा: त्याच उत्पादकाची १६ विभागांची एसडीएस, ड्रायव्हरसाठी ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड, रात्रीही उचलला जाईल असा आपत्कालीन फोन नंबर, आणि धोक्याच्या वर्गीकरणाचं सहीशिक्क्याचं पत्र. अनेकदा एसडीएसऐवजी तपासणी अहवाल, म्हणजे सीओए, येतो. त्यात शुद्धता असते, वाहतुकीचं काहीच नसतं. तो परत पाठवा.

पत्रिका आली की आधी विभाग ३ आणि १४ शेजारी धरून वाचा. आमच्याकडे एकदा ५० टक्क्यांच्या मालासोबत जी पत्रिका आली, तिच्या विभाग १४ मध्ये यूएन २९८४, पॅकिंग गट ३ असं होतं. यूएन क्रमांक ही घातक मालाची वाहतुकीतली ओळख, आणि पॅकिंग गट धोका किती ते सांगतो: १ सर्वात जास्त, ३ सर्वात कमी. नाव बरोबर होतं, रसायनाचा ओळख क्रमांक, म्हणजे कॅस क्रमांक, ७७२२-८४-१ सुद्धा बरोबर होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण कॅस क्रमांक सगळ्या तीव्रतांना एकच असतो. विभाग ३ उघडल्यावर कळलं की पत्रिका २० टक्क्यांच्या आतल्या मालाची होती. २० ते ६० टक्क्यांसाठी यूएन २०१४, वर्ग ५.१, सोबत दुय्यम वर्ग ८ आणि पॅकिंग गट २ लागतो. म्हणजे माल आग भडकवतो आणि कातडीही जाळतो. पुरवठादाराने दुरुस्त पत्रिका पाठवल्यावरच आम्ही गाडी सांगितली.

हा फरक कागदापुरता नाही. गाडीवरचं फलक आणि लेबल यावरूनच ठरतं, आणि अपघात झाला तर अग्निशमन दलाचे जवान तेच वाचून कामाला लागतात. जादा भाड्याच्या लोभाने ट्रान्सपोर्टवाला त्याच गाडीत सुताची पोती टाकू बघतो. पेरॉक्साइड सुतावर सांडलं तर आग लागू शकते, म्हणून एसडीएसचा विभाग ७ आणि १० दाखवून ते थांबवा. कॅरबॉयच्या झाकणाला वायू बाहेर जाण्याची सोय असते, त्यामुळे ते आडवे रचू नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३१ प्रमाणे माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला पूर्ण माहिती द्यायची असते, आणि नियम १३२ प्रमाणे ती पुरेशी आहे याची खात्री गाडीमालकाने करायची असते. कागद हातात आले की ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सवर घातक मालाची नोंद आहे का, तिची मुदत चालू आहे का, हे बघा. माल भरताना कॅरबॉयवरच्या लेबलचा यूएन क्रमांक पत्रिकेशी जुळवा. जुळला नाही तर गाडी उभी ठेवा.