पहाटे चारला वाजणारा पत्रा

थंडीत पहाटे चारला गच्चीवरचा पत्रा ‘कट्’ वाजतो आणि झोप मोडते, ती का? नाशिकला जानेवारीत दुपारचं तापमान २८ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे ते १० पर्यंत उतरतं. निफाडकडे त्याहूनही खाली. पण हे झालं हवेचं. गच्चीवरचा पत्रा दुपारच्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि रात्री मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होतो. चोवीस तासांत त्याच्या तापमानात ३५ अंशांचा फरक सहज पडतो. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटरने आकसतं. या हिशेबाने बारा फुटी पत्रा रात्रीतून दीड मिलिमीटर आखडतो.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पत्रा हुकांनी आणि स्क्रूंनी अँगलवर आवळलेला असतो, त्यामुळे तो सावकाश सरकू शकत नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं, ताण साठत जातो आणि एका क्षणी पकड सुटून पत्रा झटक्यात सरकतो. तोच तो ‘कट्’ आवाज. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया कुरकुरतात तेव्हाही प्रकार असाच असतो. फक्त लाकूड उष्णतेपेक्षा हवेतल्या ओलाव्याने जास्त फुगतं-आकसतं.

गंमत अशी, की पत्रा सगळ्यात वेगाने गार होतो तो संध्याकाळी. म्हणजे आवाजही तेव्हाच जास्त व्हायला हवेत, आणि होतातही. पण तेव्हा टीव्ही चालू असतो, रस्त्यावर रिक्षा असतात. पहाटे चारला यातलं काहीच नसतं, शिवाय थंडीमुळे पंखाही बंद. झोप मोडायला आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो आजूबाजूच्या शांततेतून किती अचानक वर येतो, हे महत्त्वाचं ठरतं.

दुसरं कारण झोपेतच आहे. रात्रीच्या पहिल्या काही तासांत गाढ झोप जास्त असते. पहाटेकडे ती जवळजवळ संपते आणि हलकी झोप व स्वप्नांची झोप आलटून पालटून येतात. प्रौढ माणसाची साधारण निम्मी रात्र या हलक्या झोपेत जाते, आणि तिच्यात मेंदूचे कान उघडे असतात.

कानातून आलेला संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या चौकीतून जातो. हलक्या झोपेत ही चौकी अधूनमधून सेकंदभराच्या जलद लहरींचा झुबका सोडते. त्याला स्पिंडल म्हणतात. ज्यांच्या झोपेत स्पिंडल जास्त, त्यांना आवाजाने जाग कमी येते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आवाज तरीही आत पोचला तर मेंदूच्या आलेखावर एक मोठी, एकटी लाट उमटते. १९३० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस आणि सहकाऱ्यांनी तिची नोंद केली. तिला के-कॉम्प्लेक्स म्हणतात. झोपलेल्याच्या कानाशी त्याचं स्वतःचं नाव घेतलं तर ही लाट परक्या नावापेक्षा जास्त वेळा उठते. म्हणजे झोपेतही मेंदू नुसतं ऐकत नाही, निवडतोही.

मग तोच ‘कट्’ एकदा उठवतो आणि एकदा नाही, असं का? २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की उंदीर आणि माणूस दोघांच्याही हलक्या झोपेत स्पिंडलचा जोर साधारण ५० सेकंदांच्या लयीत चढतो-उतरतो. चढतीच्या काळात आवाज बहुधा अडतो, उतरतीच्या काळात उंदरांना तो सहज जागं करत होता. पत्रा या लयीच्या कोणत्या टोकाला वाजला, हा निव्वळ योगायोग.

नाशिकरोडला रुळांलगत राहणारी माणसं रात्रभर गाड्या जात असताना झोपतात आणि त्यांच्याकडे लग्नाला आलेला पाहुणा दर गाडीला उठून बसतो. सवय हे अर्धं उत्तर. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात आढळलं. हलक्याशा आवाजालाही तो भाग लवकर प्रतिसाद देत होता. यजमानाची सवयही पूर्ण नसतेच. त्याला जाग येत नाही, पण गाडी गेली की त्याच्या हृदयाचे ठोके क्षणभर वाढू शकतात.

प्रत्येक वेळी जाग आल्याचं खापर मात्र पत्र्यावर फोडू नये. निरोगी माणूसही रात्रीत अनेकदा क्षणभर जागा होतो आणि विसरतो. अशा वेळी नेमका पत्रा वाजला, की आपल्याला त्यानेच उठवलं असं वाटतं. खात्री करायची तर उशाशी मोबाइलवर रात्रभर रेकॉर्डिंग लावून ठेवावं आणि कुशीवर वळल्याची, पांघरूण ओढल्याची खसखस शोधावी. तिच्या लगेच आधी ‘कट्’ सापडला तर दोष पत्र्याचा असू शकतो, आणि पंख्याची मंद घरघर चालू ठेवून फरक पडतो का ते पाहता येईल. त्याऐवजी वाढत गेलेलं घोरणं, मग शांतता आणि एकदम धापेसारखा श्वास, असं पुन्हा पुन्हा ऐकू आलं तर सुताराकडे नव्हे, डॉक्टरकडे जायला हवं.