वारा जूनमध्ये फिरतो, मग सोलापूरचा पाऊस सप्टेंबरात का?

जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, रिकाम्या जागी समुद्रावरची दमट हवा धावते आणि पाऊस पडतो, असं आपण शाळेत शिकलो. हे खरं असेल तर सोलापूरला जूनमध्ये झोडपून पाऊस व्हायला हवा, कारण मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. प्रत्यक्षात मृग कोरडा गेला तरी सोलापूरकरांना फारसं नवल वाटत नाही. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा असतो. जून-जुलैत वारा मात्र दारं-खिडक्या आपटत असतो. वारा येणं आणि पाऊस येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोलापुरात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कोकणात कधीच दिसणार नाही.

आधी वाऱ्याचं बघू. मे महिन्यातल्या दुपारी सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या पायाला चटके देतात, पाणी मात्र गारच असतं. जमिनीत उष्णता वरच्या थरातच अडकते. समुद्रात लाटा ती खाली कित्येक मीटर घुसळत नेतात, शिवाय पाणी तापायला उष्णताही जास्त लागते. त्यामुळे उन्हाळ्यात भारतीय उपखंड आजूबाजूच्या समुद्रापेक्षा खूप तापतो आणि राजस्थान-सिंधच्या पट्ट्यात हवेचा दाब हजार मिलिबारच्या खाली उतरतो. त्याच वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करच्या पलीकडे मस्कारेन बेटांजवळ हिवाळा असतो आणि तिथला दाब १०२० च्या वर असतो. हवा तिकडून इकडे निघते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे दक्षिण गोलार्धात डावीकडे आणि उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतात. म्हणून आग्नेयेकडून आलेला वारा विषुववृत्त ओलांडताच वळतो, सोमालियाच्या किनाऱ्याला घासून जातो आणि नैर्ऋत्य वारा होऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो. सोमालियाजवळ, दीड किलोमीटर उंचीवर, त्याचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत जातो. हिवाळ्यात आशिया खंड थंड पडला की दाबाचा हा सगळा हिशेब उलटतो आणि ईशान्येकडून कोरडा वारा सुटतो.

मात्र दाब सर्वांत कमी जिथे, तिथे पाऊस सर्वांत जास्त, असं होत नाही. राजस्थानातला तो कमी दाब उथळ असतो. दोन-तीन किलोमीटरच्या वर कोरडी हवा खाली बसत असते, त्यामुळे ढग उभेच राहत नाहीत. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला. जमीन तापल्यामुळेच पाऊस येत असता, तर जमीन जास्त तापलेल्या वर्षी पाऊसही जास्त पडायला हवा होता. घडतं ते उलट, कारण दुष्काळाच्या वर्षी पावसाअभावीच जमीन तापलेली असते. पावसासाठी दमट हवा दहा-बारा किलोमीटर उंच चढावी लागते. अशी चढण असलेला ढगांचा पट्टा वर्षभर विषुववृत्ताच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात सूर्यामागोमाग उत्तरेला सरकून गंगेच्या मैदानापर्यंत पोहोचतो. जमिनीचं तापणं त्या पट्ट्याला इतक्या उत्तरेला ओढून घेतं. ढगात वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती पुढे त्याला जिवंत ठेवते.

आता कोकणातून सोलापूरकडे निघालेली एक किलो हवा घेऊ. किनाऱ्यावर तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर तिच्यात सुमारे २० ग्रॅम वाफ असते. सह्याद्रीला धडकून ती वर चढते, तीनेकशे मीटरवर तिच्यात ढग धरू लागतात आणि १३०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीला, ती २१ अंशांपर्यंत गार होते. त्या तापमानाला तिच्यात १८ ग्रॅमच वाफ मावते. उरलेले दोन ग्रॅम पाऊस म्हणून पडतात.

फक्त दोन ग्रॅम? हो, पण हवा एक किलो नसते. दीड किलोमीटर उंचीचा वाऱ्याचा थर सेकंदाला दहा मीटर वेगाने येत असेल, तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला सोळा हजार किलोहून जास्त हवा आत शिरते. तिचे दोन-दोन ग्रॅम घाटाच्या तीस किलोमीटर पट्ट्यात पडले, तर दिवसाला नव्वद-शंभर मिलिमीटर पाऊस होतो. गणित ढोबळ आहे, पण घाटातल्या जुलैशी जुळतं. हेच पाणी भीमेतून उजनीत येतं. म्हणजे जुलैत सोलापूर जिल्ह्याला मान्सून भेटतो तो बऱ्याचदा आभाळातून नाही, नदीतून.

घाट ओलांडलेली हवा साडेचारशे मीटर उंचीच्या सोलापूरकडे उतरते. उतरताना ती दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी तापते, म्हणून २९ अंशांवर पोहोचते आणि तिची आर्द्रता पासष्ट-सदुसष्ट टक्क्यांवर येते. घाटाने सगळं पाणी काढून घेतलं, असं आपण म्हणतो खरं, पण २० पैकी १८ ग्रॅम वाफ अजून तिच्यातच आहे! अडचण पाण्याची नसून चढण नसण्याची आहे. हवा खाली बसते आहे आणि दीड किलोमीटरवर पश्चिमेचा जोरदार वारा, तर चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा त्याहून जोरदार वारा वाहतो आहे. या ओढाताणीत उंच ढग तगत नाही. दिवसभर आभाळ पळतं, भुरभुर होते, वाफसा मोडण्याइतकाही पाऊस पडत नाही. त्यातच इथल्या ढगांत थेंब असतात बारीक आणि संख्येने पुष्कळ, ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये विमानातून क्षारकण सोडून पाऊस वाढवण्याचा प्रयोग सोलापूरच्या आकाशातच केला, तो ढग भरपूर आणि पाऊस थोडा, अशा या परिस्थितीमुळे. पण ढगच नसेल तर असा प्रयोगही काही करू शकत नाही.

सप्टेंबरात नैर्ऋत्य वारा मंदावतो. त्याचा जोर ओसरला की घाटामागची हवाही दाबून बसत नाही. दुपारच्या उन्हाने तापलेली दमट हवा सरळ वर चढते आणि संध्याकाळी पूर्वेकडून काळंकुट्ट आभाळ गडगडत येतं. त्याचबरोबर बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे, जे जुलैत ओडिशा-छत्तीसगडच्या वाटेने जातात, ते आता दक्षिणेकडून, आंध्र-तेलंगणातून, आत शिरू लागतात. त्यांच्यात चढण तयारच असते. जिल्ह्याची सगळी रब्बी, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारीसुद्धा, या उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरली जाते.

याचं टोकाचं उदाहरण ऑक्टोबर २०२० मध्ये दिसलं. १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेल्या प्रणालीने हैदराबाद बुडवलं आणि १४ तारखेला ती सोलापूर-पंढरपूरवर आली. दिवसभर कोसळून जिल्ह्यात पूर आला. पुढे ती महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरली, म्हणजे जूनच्या वाऱ्याच्या अगदी उलट वाटेने गेली.

म्हणून जूनमध्ये पश्चिमेचा वारा घोंघावू लागला की सोलापूरच्या शेतकऱ्याने मान्सून आला असं म्हणावं, पाऊस आला असं म्हणू नये. उजनीसाठी तो वारा जोरात हवा, कारण त्यावर घाटातला पाऊस अवलंबून. रानातल्या ओलीसाठी मात्र तो थोडा थांबलेला बरा. सप्टेंबरात हवामान खात्याचा नकाशा बघायचा तर पश्चिमेकडे नको, विशाखापट्टणमच्या बाजूला बघावा.