मॅटर न जोडता प्रूफ मागणं: विचारणा वेगळी, सोपवणी वेगळी

“ताई, शाळेच्या स्मरणिकेचं प्रूफ बघून द्याल का? ८० पानं आहेत. आठवड्यात हवं.” नागपुरात जानेवारी-फेब्रुवारीत, स्नेहसंमेलनं आटोपली की असे मेसेज सुरू होतात. सोबत फाइल नसते. ती दोन कारणांनी नसते. एकतर पाठवणाऱ्याला आधी दर आणि वेळ विचारायची असते, म्हणजे ही विचारणा असते. नाहीतर काम द्यायचं ठरलेलं असतं आणि फाइल जोडायची राहून गेलेली असते, ती सोपवणी. “खालील मजकूर तपासा” असं लिहून खाली काहीच नसेल, तर “फाइल आली नाही” एवढ्या एका ओळीवर प्रश्न मिटतो. विचारणेत मात्र मॅटर नसलं तरी चालतं, पण मॅटरबद्दलची माहिती लागतेच. वरच्या मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

८० पानं म्हणजे किती, हे कळत नाही. मोठा टाइप आणि सुट्या ओळी असलेल्या ए-फोर पानावर अडीचशे शब्द बसतात, दोन कॉलमच्या स्मरणिकेत पाचशेही बसतात. म्हणजे काम २० हजार शब्दांचं असेल किंवा ४० हजारांचं. बऱ्यापैकी स्वच्छ मजकूर तासाला साधारण दोन हजार शब्द या गतीने वाचला, तर पहिल्या वाचनालाच एका हिशेबाने १० तास लागतात, दुसऱ्याने २०. म्हणून पानं सांगू नका, शब्द सांगा. वर्डमध्ये तो आकडा खालच्या पट्टीवरच दिसतो.

पुढची गोष्ट मॅटर कुठल्या टप्प्यावर आहे ही. टाइप केलेला लेख आणि डीटीपीवाल्याने लावलेली पानं, दोन्हींना लोक ‘प्रूफ’च म्हणतात. लेख हातात असेल तर वाक्य मोडून नव्याने लिहिता येतं. पानं लागल्यावर एक ओळ वाढली तरी फोटो पुढच्या पानावर सरकतो आणि अनुक्रमणिका चुकते. तिथे शुद्धलेखन, पृष्ठांक, फोटोखालची नावं एवढंच बघायचं असतं. वाक्यरचनाही सुधारून हवी असेल तर ते संपादन झालं. त्याचा दर वेगळा असतो आणि वेळही जास्त लागतो, म्हणून ते विचारणेतच सांगावं.

फाँटचं कोणी सांगतच नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं मॅटर कन्व्हर्टरमधून काढलं की ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे जाऊ शकते, आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ याचं ‘आचार्यांना मानधन दिले’ झालं, की स्वयंपाक करणाऱ्यांचे पैसे गुरुजनांच्या नावावर पडतात. दोन्ही शब्द शुद्धच आहेत, त्यामुळे स्पेलचेकर थांबत नाही, वाचणाराही मूळ मॅटर शेजारी नसेल तर थांबत नाही. कन्व्हर्ट केलेल्या फाइलसोबत मूळ पीडीएफ लागते ती यासाठी.

आडनावांचंही तसंच आहे. वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही आपल्याकडची खरी आडनावं. कुठलं बरोबर हे प्रूफवाल्याला नियमावरून कळत नाही, त्यासाठी शाळेच्या रजिस्टरवरून केलेली यादी लागते. माजी विद्यार्थ्याने लेखात ‘तो येऊन राह्यला होता’ असं मुद्दाम लिहिलं असेल, तर तेही आधी सांगा. नाहीतर प्रूफवाला त्याचं ‘येत होता’ करून टाकेल आणि लेखातला माणूसच गायब होईल.

हे सगळं विचारणेत घातलं तर मेसेज फार वाढत नाही:

“शाळेची स्मरणिका आहे, अंदाजे ३४ हजार शब्द. पानं अजून लागली नाहीत, वर्ड फाइल आहे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये काढली, मूळ पीडीएफ आहे. फक्त शुद्धलेखन बघायचं, बोलीतले संवाद तसेच ठेवायचे. नावांची यादी देऊ. २० तारखेला डीटीपीला जायचं आहे. नमुना म्हणून मधली दोन पानं जोडली.”

नमुना मधलाच द्यावा. मुख्याध्यापकांचं मनोगत चार जणांनी आधीच वाचलेलं असतं, त्यावरून चुकांचा अंदाज येत नाही. वर्गवार वृत्तान्त किंवा विद्यार्थ्यांच्या लेखांतली पानं दिली की प्रूफवाला पानामागे किती चुका आहेत ते मोजतो आणि दर त्यावर सांगतो. पानाला तीन चुका आणि पानाला तीस चुका यांत वाचनाची गती निम्म्याहून खाली येते.

दर ठरला की सोपवणी. आता पूर्ण फाइल, पीडीएफ आणि नावांची यादी एकाच वेळी द्यायची, फाइलच्या नावात तारीख घालायची आणि आपल्याकडच्या प्रतीला हात लावायचा नाही. समितीतल्या कोणी दरम्यान जुन्या प्रतीत दोन परिच्छेद वाढवले, तर तपासून आलेल्या फाइलमध्ये ते नसतात. मग ते शेवटच्या रात्री थेट डीटीपीवाल्याकडे पोचतात, आणि छापलेल्या स्मरणिकेत नेमके तेवढेच दोन परिच्छेद न तपासलेले असतात.