‘१०० पैकी ८० जणांचा मुतखडा पडला’: एका स्क्रीनशॉटची तपासणी

सध्या आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट जोरात फिरतोय. कुणाच्या तरी फेसबुक पोस्टचा आहे, नाव कापलेलं, तारीख कापलेली. मजकूर असा:

“मुतखड्यावर रामबाण! रोज सकाळी उपाशीपोटी पानफुटीची दोन पानं चावून खा. २१ दिवसांत खडा विरघळून पडतो. मी १०० जणांना दिलं, ८० जणांचा खडा ऑपरेशनशिवाय पडला. पूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल. दुखायचं थांबलं की खडा गेला समजा, परत सोनोग्राफीवर पैसे घालवू नका.”

खाली दोन सोनोग्राफी रिपोर्टांचे फोटो. एकावर ९ एमएम, दुसऱ्यावर ६ एमएम.

हीच पोस्ट कन्नड ग्रुपवरही आलीय, तिथं पानफुटीला काडुबसळे म्हटलंय आणि ८० चे ९५ झालेत. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा, एकच थाप दोन भाषांत वाचायला मिळते आणि आकडा वाटेत कुठं फुगला ते दिसतं. ९५ म्हणणाऱ्यानं आणखी माणसं मोजली असतील असं काही मला वाटत नाही. पण ते सोडा. आपण मराठीतला ८० च धरू, आणि तो अगदी खरा आहे असंही मानू. पोस्ट लिहिणाऱ्यानं खरंच १०० जणांना पानं दिली, ८० जणांचा खडा खरंच पडला. तरीसुद्धा पानफुटीनं काम केलं हे त्यावरून ठरत नाही. कारण पानं खाल्ली नसती तर किती जणांचा पडला असता, हे पोस्टमध्ये कुठंच नाही. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे, म्हणून इथं जरा जास्त थांबतो.

खडा किडनीत बसलेला असतो तोवर बऱ्याचदा त्रासच देत नाही. तो सुटून किडनी आणि मूत्राशयाच्या मधल्या नळीत, म्हणजे मूत्रवाहिनीत उतरला की मग माणूस कमरेतून कळ निघून लोळायला लागतो. ही नळी आतून जेमतेम ३-४ एमएम रुंद, आणि मूत्राशयात शिरते तिथं सगळ्यात अरुंद. पण ती रबरी पाइपसारखी नुसती पडून नसते, तिच्या भिंतीत स्नायू असतात, ते लाटेसारखे आकुंचन पावून लघवी खाली ढकलत राहतात आणि लघवीबरोबर खडाही ढकलतात. म्हणजे औषध असो नसो, शरीराचं खडा बाहेर काढायचं काम चालूच असतं. किती जणांत ते यशस्वी होतं हे मुख्यतः खड्याच्या आकारावर आणि तो कुठं अडकलाय यावर ठरतं. २००२ साली अमेरिकेत सीटी स्कॅनवर खडे मोजून झालेल्या एका अभ्यासात २ ते ४ एमएमचे ७६ टक्के खडे आपोआप पडले, ५ ते ७ एमएमचे ६० टक्के, आणि ९ एमएमच्या वरचे मात्र २५ टक्केच. वेळ किती लागतो तेही मोजलंय. १९९९ च्या एका अभ्यासात २ ते ४ एमएमच्या खड्यांना सरासरी १२ दिवस लागले आणि ४ ते ६ एमएमच्यांना २२ दिवस. आता पोस्टमधले २१ दिवस परत वाचा.

म्हणजे ज्या मुदतीत खडा तसाही पडतो तीच मुदत औषधाची म्हणून सांगितलीय. आपल्याकडं जून उजाडला आणि पाऊस ओढला की गावोगाव धोंडी काढतात, बेडकांचं लग्न लावतात, आणि आठ-दहा दिवसांत पाऊस आला की बेडकांना श्रेय. पाऊस येण्याच्या दिवसांतच लग्न लावलं होतं हे कुणी बघत नाही, आणि जानेवारीत तर कुणी लावतच नाही. अमुक केल्यानंतर झालं म्हणून अमुक केल्यामुळंच झालं, ही चूक दोन्हीकडं तीच.

मग औषधानं खरंच फरक पडला का हे कळणार कसं? त्याला एकच खात्रीचा मार्ग आहे, दोन गट करायचे आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. चिठ्ठी यासाठी की वैद्य किंवा डॉक्टरनं स्वतः निवडलं तर नकळत लहान खडेवाले एका बाजूला जमा होतात. मुतखड्यावर असा एक मोठा प्रयोग झालाय आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात डॉक्टरांनी डॉक्टरांचंच औषध तपासलंय.

टॅमसुलोसिन नावाची गोळी आहे. मूळची प्रोस्टेटसाठीची, पण ती मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते म्हणून खडा लवकर पडावा या हिशोबानं जगभर डॉक्टर देत आले. लहान लहान अभ्यासांत निकाल छान दिसत होते. मग ब्रिटनमधल्या २४ हॉस्पिटलांनी मिळून मोठा प्रयोग केला, २०१५ साली तो लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला. १० एमएमपर्यंतचा खडा मूत्रवाहिनीत असलेले ११३६ पेशंट, त्यांचे तीन गट. एकाला टॅमसुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन नावाचं दुसरं औषध, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. चार आठवड्यांत खड्यासाठी पुढचा कुठलाही उपचार ठरवावा लागला नाही असे पेशंट किती, हे मोजायचं. टॅमसुलोसिनच्या गटात ८१ टक्के. निफेडिपिनच्या गटात ८० टक्के. आणि दिखाऊ गोळीच्या गटात? ८० टक्के!

हा तिसरा ८० आणि स्क्रीनशॉटमधला ८० शेजारी शेजारी ठेवून बघा. समजा त्या प्रयोगात दिखाऊ गोळीचा गटच नसता, तर “आमच्या गोळीनं १०० तल्या ८१ जणांना ऑपरेशनची पाळी आली नाही” असं छातीठोक सांगता आलं असतं आणि आकडा खराही असता. ८१ आणि ८० मधला एकाचा फरक धरायचा नसतो, कारण एका गटात पावणेचारशेच्या आसपास माणसं असली तरी नुसत्या योगायोगानं आकडा चारेक टक्के वर-खाली होऊ शकतो (शंभरच माणसं असतील तर आठेक टक्के). मोठ्या खड्यांना, म्हणजे ५ एमएमच्या वरच्यांना, टॅमसुलोसिनचा थोडा उपयोग होतो असं नंतरच्या काही अभ्यासांवरून म्हणतात आणि तो वाद अजून चालू आहे. पण सरसकट सगळ्यांना फायदा होतो हा समज त्या तिसऱ्या गटामुळं ढासळला.

“डॉक्टर कधीच सांगणार नाहीत” या वाक्याचं उत्तरही यातच आलं. आपलीच रोजची गोळी दिखाऊ गोळीपेक्षा सरस नाही, हे डॉक्टरांनी स्वतः तपासलं आणि स्वतः छापलं. आणि त्या वाक्यात तसा पुरावा काहीच नाही, डॉक्टर गप्प बसले तर ‘बघा, लपवतात’ आणि विरोधात बोलले तर ‘बघा, धंदा बसतोय’. काहीही झालं तरी जे खरंच ठरतं ते तपासायचं कसं?

आता ते १०० जण कोण? पोस्टमध्ये खड्याचा आकार नाही, जागा नाही, किती जण परत आलेच नाहीत तेही नाही. कागदावर करून बघू. धरा की पानं नेली १६० जणांनी. ८० जणांचा खडा पडला, ८० जणांचा नाही. न पडलेल्यांतले ६० जण कळ सोसवेना म्हणून मिरज, कोल्हापूर नाहीतर हुबळीला जाऊन खडा काढून आले. ते कशाला परत येऊन पानं देणाऱ्याला सांगतील? ज्यांचा पडला ते मात्र नारळ घेऊन येतात, “पडला की ओ खडा!” म्हणून सांगतात. मग त्याच्या हिशोबात उरले १००, त्यात ८० यशस्वी. तो खोटं बोलत नाहीय, पण खरं यश ५० टक्केच. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण असं घडलं नाही हे दाखवायची जबाबदारी पोस्टवाल्याची आहे, आपली नाही.

रिपोर्टांचे दोन फोटो बघून बरेच जण गार होतात, ९ चा ६ झाला म्हणजे विरघळतोयच की! सोनोग्राफीत लहान खडा अनेकदा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो, सीटीवर मोजला तर एक-दोन एमएमनं कमी भरतो. मशीन वेगळं, मोजणारा वेगळा, खडा जरा फिरलेला, एवढ्यानंही आकडा बदलतो. फोटोत दोन्ही रिपोर्टांवरची नावं कापलीत, म्हणजे ते एकाच पेशंटचे आहेत हेसुद्धा आपण विश्वासावर घेतोय. आणि विरघळण्याचं म्हणाल तर युरिक ॲसिडचे खडे लघवीची आम्लता कमी करून खरंच विरघळवता येतात, डॉक्टर त्यासाठी औषध देतातही. पण बहुतेक लोकांचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते तसे विरघळत नाहीत. खडा कसला आहे हे न सांगता ‘विरघळतो’ म्हणणं हा दावा झाला, पुरावा नाही.

‘पूर्ण नैसर्गिक’चं थोडक्यात सांगतो, पानफुटीच्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात आणि ऑस्ट्रेलियात ही झाडं चरून गुरं मेल्याच्या नोंदी आहेत. दोन पानांनी माणूस मरतो असं मी म्हणत नाही. पण ‘साइड इफेक्ट शून्य’ हे १०० जणांत कुणी, कसं तपासलं? आणि हेही स्पष्ट बोलतो, पानफुटी निरुपयोगी आहे असं या सगळ्यातून सिद्ध होत नाही. पोस्टचा युक्तिवाद पोकळ आहे एवढंच होतं, उद्या कुणी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत तपासलं आणि फरक दिसला तर मानायलाच पाहिजे.

पोस्टमधलं शेवटचं वाक्य मात्र नुसतं पोकळ नाही, घातक आहे. दुखायचं थांबलं म्हणजे खडा गेला, असं नसतं. कळ येते ती नळी तुंबून आतला दाब वाढल्यामुळं. काही दिवसांनी किडनी त्या दाबाला जुळवून घेते, त्या बाजूला लघवी तयार होणं कमी होतं, दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. खडा तिथंच असतो. अशी नळी आठवडेच्या आठवडे बंद राहिली तर ती किडनी हळूहळू निकामी होते, आणि दुसरी चांगली असल्यामुळं माणसाला पत्ताही लागत नाही. तुंबलेल्या किडनीत जंतुसंसर्ग होऊन थंडी वाजून ताप आला तर तासांचा प्रश्न असतो, तेव्हा रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पानं खाऊन दुखायचं थांबलेल्या माणसाचा खडा पडला का, हे दोनच गोष्टींनी कळतं: लघवी गाळून खडा हातात आला तर, नाहीतर परत स्कॅन केलं तर. पोस्ट नेमकं तेच करू नका म्हणतेय, त्यामुळं तिच्या ८० जणांतले किती खडे खरंच पडले आणि किती जणांचं नुसतं दुखणं थांबलं, हे ती लिहिणाऱ्यालाही माहीत असायचं कारण नाही.